रात्री अकराचा मग

*ताई, घोडबंदर रोडला राहते. मुलगा दहावीत आहे, वजन 48 किलो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याला झोप लागत नाही, सकाळी उठवता उठत नाही, दिवसभर चिडचिड. घरात कोला आणि चॉकलेट आणणं बंद केलं, तरी फरक नाही. नौपाड्यातल्या क्लासहून संध्याकाळी येताना मित्रांबरोबर एक एनर्जी ड्रिंक पितो, तेवढंच. मी तर रात्री अकराला त्याला मगभर कडक चहा करून देते, सोबत जागते. अजून काय करू? – एक आई*

अगं, तो मग खाली ठेव आधी!

चहात दूध घातलं म्हणून कॅफिन कमी होत नाही. ते ठरतं पावडर किती घातली आणि किती उकळली यावर, आणि तू तर कडक करतेस. घरच्या नेहमीच्या कपात साधारण 40 मिलिग्रॅम धर. मगात दोन कप मावतात, म्हणजे 80. कोलाच्या कॅनमध्ये 30-35 असतं आणि 50 ग्रॅमच्या दुधाच्या चॉकलेटमध्ये जेमतेम 10. जे बंद केलंस त्याच्या जवळजवळ दुप्पट तू स्वतःच्या हाताने देते आहेस.

किशोरवयीन मुलांसाठी युरोपातल्या अन्नसुरक्षा तज्ज्ञांनी धरलेली मर्यादा दिवसाला किलोमागे 3 मिलिग्रॅम अशी आहे. तुझ्या मुलाला 144. सकाळी डोळे उघडावेत म्हणून तो एक कप घेतच असणार, ते 40. क्लासवरची अडीचशे मिलीची बाटली सुमारे 75. इथवर 115, आणि अकराला तुझे 80. झाले 195.

त्यातही वेळ फार वाईट. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. अकराच्या मगातलं पहाटे चारला 40 उरतं, म्हणजे तेव्हाही एक अख्खा कप त्याच्या अंगात असतो. संध्याकाळच्या बाटलीचं उरलंसुरलं वेगळंच. मग सकाळी डोळे कसे उघडतील? आणि ते उघडावेत म्हणून पुन्हा चहा.

आज रात्रीपासून अकराचा चहा बंद. अर्धा मग नाही, फिका नाही, बंद. दोन-तीन दिवस त्याचं डोकं दुखेल, आणखी चिडेल. तेव्हा विरघळून जाऊन पातेलं गॅसवर चढवू नकोस. हे चहा सुटल्याचं दुखणं आहे, आपोआप ओसरतं. छातीत धडधड किंवा दुखणं असेल तर मात्र थेट डॉक्टरांकडे ने.

बाटलीबद्दल भांडू नकोस. रिकामी बाटली घरी आणायला सांग आणि लेबल त्यालाच मोठ्याने वाचू दे. मुलांसाठी नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं; आपल्याकडे तो नियम आहे. पण ते वाचायला लावण्याचा हक्क तुला तुझा मग कपाटात गेल्यावरच मिळेल.

आणि तूही अकराला झोप गं. त्याच्यासोबत जागणं म्हणजे माया, हे तुला कोणी सांगितलं?