बाळाचा डोळा चिकटतो तेव्हा

बाळ सात आठवड्यांचे आहे. उजव्या डोळ्यातून सतत पाणी येते, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. डोळे आले असतील का?

बुबुळाभोवतीचा भाग पांढरा आणि पापण्यांना सूज नसेल, तर बहुधा नाही. अश्रू नाकात उतरवणाऱ्या नलिकेच्या खालच्या तोंडावर काही बाळांत जन्मानंतरही पातळ पडदा राहतो, म्हणून अश्रू अडून बाहेर वाहतात. तरी एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यावी.

पुसायचे कसे?

हात धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने, नाकाकडून कानाकडे. प्रत्येक वेळी नवा बोळा घ्यावा.

हा पडदा उघडावा म्हणून महिनाभर नाकाच्या कडेने बोट फिरवून मालिश करते आहे, फरक नाही. माझे चुकते का?

चुकते, आणि हीच चूक मी सर्वाधिक पाहतो. आंघोळ घालणाऱ्या बाई नाक चिमटीत धरून ओढतात, त्याचाही या पडद्याशी संबंध नाही. अश्रूंची पिशवी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला लागून, नाकाच्या हाडाशी असते आणि दाब तिच्यावरच पडायला हवा. नख कापलेल्या बोटाचे टोक त्या कोपऱ्यावर टेकवावे, आधी आत हाडाकडे दाबावे, म्हणजे वर परत जाण्याची वाट बंद होते, आणि तो दाब न सोडता बोट खाली नाकपुडीच्या दिशेने सरकवावे, म्हणजे आतला द्रव पडद्यावर आदळतो. नुसती त्वचा चोळली, तर आत काहीच घडत नाही. एका वेळी पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा पुरे. दाबताना कोपऱ्यातून चिकट स्राव वर आला तर घाबरू नये, पुसून टाकावा. जागा मात्र पहिल्यांदा डॉक्टरांकडून स्वतःच्या बोटाने शिकून घ्यावी. तिथे लाल, दुखरी गाठ दिसली तर मालिश थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सासूबाई काजळ किंवा अंगावरचे दूध घालायला सांगतात.

दोन्ही नको.

औषधाच्या दुकानातून थेंब आणले. दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच.

प्रतिजैविकाने चिकटपणा कमी होतो, पडदा उघडत नाही. म्हणून बाटली संपते आणि दुसरी विकली जाते. त्यात स्टेरॉइड मिसळलेले असल्यास डोळ्यातला दाब वाढू शकतो. चिठ्ठीविना घेतलेली बाटली बंद करून डॉक्टरांना दाखवावी.

दहा महिने झाले. शस्त्रक्रिया लागेल का?

बहुतेक बाळांत वर्षाच्या आत नलिका आपोआप मोकळी होते. तसे न झाल्यास नेत्रतज्ज्ञ बहुधा भूल देऊन नलिकेतून बारीक सळई घालतात. वेळ त्यांनीच ठरवावी.

पाण्यासोबत बाळ उजेडात डोळे घट्ट मिटते, बुबुळही मोठे वाटते. मालिश चालू ठेवू का?

नाही. हा जन्मजात काचबिंदू असू शकतो आणि त्यात उशीर केल्यास नजर जाऊ शकते. पहिल्या महिन्यात डोळा लाल होऊन पापण्या सुजल्या व पू येऊ लागला, तर तीही तातडीची बाब आहे. दोन्हींत मालिशचा विचार सोडून आजच नेत्रतज्ज्ञांकडे जावे.