नाव न लिहिताही नाव फुटतं

प्रिय नव्या वर्गशिक्षकास,

वर्गात ज्या मुलाला त्रास दिला गेला, त्याच्या पालकांना पाठवायच्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. त्रास देणाऱ्या मुलांची नावं त्यात नाहीत, पण 'मागच्या महिन्यात वर्गात आलेला मुलगा आणि त्याच्या बाकावरचा मित्र' असं लिहिलं आहेस. म्हणजे नावं सांगून झालीच. ज्याला त्रास झाला त्या मुलाला ती बहुधा ठाऊक असतात, हे खरं. पण शाळेच्या सहीनिशी गेलेला कागद हा पुरावा ठरतो. म्हणून एकच कसोटी लाव: या पत्राचा फोटो वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर गेला, तर कुणाचं मूल ओळखू येईल का? बाक, तुकडी, खेळाचा संघ, मुलगा की मुलगी, भावंडं, आधीची तक्रार, यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की मूल ओळखू येतं.

घटनेचा परिच्छेद असा करता येईल: 'मंगळवारी मधल्या सुट्टीत दोन विद्यार्थ्यांनी आपल्या मुलाच्या वह्या पाण्यात टाकल्या. देखरेखीवरच्या शिक्षकांनी हे पाहिलं. दोन आठवड्यांपासून आपल्याला टोपणनावाने चिडवलं जातं, असं त्याने सांगितलं आहे. त्याबद्दल आम्ही चौकशी करत आहोत.' पाहिलेलं आणि सांगितलेलं वेगळं ठेवलंस, की पुढे चौकशीत काही बदललं तरी पत्र खोटं पडत नाही. 'मस्करी' किंवा 'किरकोळ प्रकार' हे शब्द मात्र काढून टाक. ते वाचताच पालकांना वाटतं, शाळेने निकाल आधीच लावला.

'योग्य ती कारवाई केली जाईल' या वाक्याने कुणाचंच समाधान होत नाही. त्याऐवजी उद्यापासून मधल्या सुट्टीत त्या जागेवर कोण थांबणार, चौकशी कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणार, पालकांना भेटायला कधी बोलावणार आणि तोवर फोन कुणाला करायचा, हे लिही. बाक बदलायचा असेल तर त्रास देणाऱ्यांचा बदल. ज्याला त्रास झाला त्याला हलवलं, तर त्याला ती शिक्षाच वाटते. पालकांनाही दोन कामं सांग: मोबाइलवर काही संदेश आले असतील तर पुसू नयेत, आणि दुसऱ्या घरी स्वतः फोन करू नये. मोठ्यांचं भांडण पेटलं, की चौकशीत मुलं बोलायची थांबतात.

'त्यांना काय शिक्षा केली?' हा प्रश्न येणारच. उत्तर असं दे: 'दुसऱ्या मुलांबद्दल आम्ही सांगू शकत नाही, तसंच आपल्या मुलाबद्दलही इतरांना सांगणार नाही. त्याच्या सुरक्षिततेसाठी काय केलं, ते सगळं सांगू.' 'पुन्हा असं होणार नाही' अशी हमी देऊ नकोस. ती तुझ्या हातात नाही. पुन्हा काही घडलं तर त्याच दिवशी कळवू, एवढं लिही.

पत्र पाठवण्याआधी पालकांना फोन कर. अशी बातमी त्यांना पहिल्यांदा कागदावरून कळू नये.

त्रास देणाऱ्या मुलांच्या पालकांचं पत्र मात्र कोऱ्या पानावर लिही. याच पत्रात नाव बदलून ते केलंस, तर कुठल्यातरी ओळीत जुनं नाव राहून जाईल.