फ्लेक्समागचा वाडा फोटोत परत कसा आणला

प्रश्न: रस्त्याच्या फोटोतले राजकीय फ्लेक्स नि होर्डिंग काढून मागच्या इमारती नीट दाखवायच्या आहेत. फोटोशॉपमध्ये केलं की मागची भिंत वितळल्यासारखी दिसते. काय चुकतंय?

उत्तर:

कंटेंट-अवेअर फिलच्या भरवशावर बसलात की असंच होणार. ते आजूबाजूचे तुकडे उचलून भोक बुजवतं, बस. आकाश, डांबर, कोरं प्लास्टर असेल तर झकास, पण खिडकीचे गज आणि छज्जे त्याच्या आवाक्यातले नाहीत. आणि एकाच फोटोवर क्लोन स्टॅम्प घासत बसू नका, जमत असेल तर परत त्या रस्त्यावर जा आणि बाजूने फोटो काढा. फ्लेक्सच्या मागे जे आहे त्यातलं बरंचसं बाजूला पुरेसं सरकलं की दिसतं.

हे एवढ्या ठामपणे सांगतोय कारण माझ्या मामांचा सदाशिव पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला आणि पाडायच्या आधी दर्शनी बाजूचा एक चांगला फोटो सगळ्यांना हवा होता. समोर कोण? भावी नगरसेवक. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग, बांबूवर ताणलेला भडक पिवळा फ्लेक्स, बरोबर पहिल्या मजल्याच्या मधल्या खणांवर. काढा म्हणून सांगायला मामा जाणार नव्हते, आणि बिल्डरची तारीख ठरलेली.

माझा मामेभाऊ इंटिरियरवाला. तो म्हणाला, कशाला एवढं, पाच खण आहेत, डावीकडची खिडकी कॉपी कर, मध्ये चिकटव, संपलं. इथून आमचं जे वाजलं ते अजून वाजतंय.

मी काय केलं ते सांगतो. रस्ता साधारण २० फूट, म्हणजे समोरच्या कडेला उभं राहिलं की भिंत २० फुटांवर. फ्लेक्स भिंतीच्या ५ फूट पुढे, म्हणजे माझ्यापासून १५ वर. या हिशोबात मी ३ फूट सरकलो की फ्लेक्सची आडोशाची जागा भिंतीवर उलट्या दिशेला १ फूट सरकते. फ्लेक्स १० फूट रुंद असला तरी समोरून तो भिंतीचा १३ फुटांच्या वर भाग झाकतो. अर्धा डावीकडून मिळवायचा, अर्धा उजवीकडून, म्हणजे दोन्ही बाजूंना २० - २० फूट जायला लागतं. थोडं जास्तच जा, कडेला जोडायला जागा राहते. फ्लेक्स भिंतीला जितका चिकटून तितकं जास्त सरकायला लागतं, आणि थेट गॅलरीच्या कठड्याला बांधला असेल तर हा उपाय संपला.

आता यात एक गोम आहे. २० फूट सरकलात की भिंतीकडे ४५ अंशांत बघताय आणि अंतरही २८ फूट झालंय, त्यामुळे भिंतीचा तोच एक फूट आडवा निम्म्या पिक्सेलमध्ये येतो. तो ताणून सरळ केला की मऊ, धुरकट दिसतो आणि शेजारच्या कडक भिंतीत लगेच ओळखू येतो. म्हणून बाजूचे फोटो दुप्पट झूम करून काढायचे, दोनतीन तुकड्यांत आले तरी चालतील. सगळे पाठोपाठ काढा, आणि शक्यतो ढगाळ दिवशी, नाहीतर छज्ज्याची सावली प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी.

मग फोटोशॉपमध्ये आधी लेन्सचं डिस्टॉर्शन काढायचं, नंतर बाजूच्या फोटोतला तुकडा वेगळ्या लेअरवर घेऊन डिस्टॉर्टने चार कोपरे बसवायचे, गिंप असेल तर त्यातलं पर्स्पेक्टिव्ह टूल. कोपरे म्हणजे खिडकीच्या चौकटीचे किंवा तुळईच्या टोकांचे, जे दोन्ही फोटोत स्पष्ट दिसतात तेच. पण याने फक्त सपाट भिंत बसते. छज्जा आणि कठडा भिंतीच्या पुढे असतात, ते त्याच लेअरमध्ये कधीच जुळत नाहीत, कितीही ओढा. भिंत एक लेअर, कठडा दुसरा, त्याचे कोपरे वेगळे. हे न करणाऱ्यांच्या फोटोत कठडा भिंतीत शिरलेला दिसतो, हजारदा पाहिलंय.

तर उजवीकडचा तुकडा बसवताना काय निघालं, मधल्या खणात खिडकी नाहीच. बुजवलेली. चौकटीची रेघ दिसते, आत वेगळ्या रंगाचं प्लास्टर, वर एक छोटा झरोका. मामेभाऊ म्हणाला असलं घाण दाखवू नकोस, खिडकी टाक, सिमेट्री दिसेल. मामीने फोटो बघितला आणि म्हणाली, अगोबाई, ते आपलं फडताळ! खिडकी बुजवून आतून फडताळ केलेलं होतं, त्यात तिच्या लोणच्याच्या बरण्या असायच्या. कॉपी-पेस्ट केली असती तर घरच्या बाईला आपलं घर दिसलं नसतं. यावर तो आजही म्हणतो की लोकांना काय कळणार होतं. अरे, कुठल्या लोकांना?

कॉपी कधीच करू नका असं नाही. जे कुठूनच दिसत नाही तिथे शेजारचा खण घ्यायलाच लागतो, मीही कठड्याचा हातभर तुकडा तसाच घेतलाय. फक्त आडवा पलटवू नका, सावली उलट्या बाजूला पडते आणि एकाच भिंतीवर दोन सूर्य होतात. आणि असे अंदाजाचे भाग वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवून नाव द्या, म्हणजे कुणी विचारलं तर काय बघितलेलं आणि काय मनाने भरलेलं ते दाखवता येतं.

फ्लेक्स गेला तरी त्याचा रंग राहतो, हे फार जणांना सुचत नाही. ऊन पडलं की पिवळा उजेड शेजारच्या भिंतीवर, ओट्यावर, खाली उभ्या गाडीच्या टाकीवर पडतो. तपासायचं असेल तर वर सॅच्युरेशनचा ॲडजस्टमेंट लेअर टाकून तात्पुरतं +80 करा, डाग उठून दिसतील. मग कलर ब्लेंड मोडच्या कोऱ्या लेअरवर लांबच्या भिंतीचा रंग घेऊन मऊ ब्रशने हलके फिरवा. विजेच्या वायरी आधी काढून टाका आणि शेवटी एका पाथने परत ओढा, वायर मध्ये झोल खाते, सरळ रेघ मारलीत तर पकडले जाल.

परत जाणं शक्यच नसेल तर स्ट्रीट व्ह्यू बघा, पुण्यात ते २०२२ पासून आहे, कदाचित तेव्हा फ्लेक्स नसेल. त्यातून पिक्सेल उचलू नका, फक्त मागे काय होतं ते बघून घ्या. आणि घाई नसेल तर निवडणुकीची वाट बघा. विधानसभा-लोकसभेची आचारसंहिता लागली की निवडणूक आयोगाच्या नियमाने सरकारी जागेवरचे फलक २४ तासांत, इतर सार्वजनिक जागेवरचे ४८ तासांत आणि खासगी जागेवरचे बेकायदा असतील तर ७२ तासांत उतरवायचे असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन जा, एक पैशाचं एडिटिंग नको.

बातमीसाठी किंवा डॉक्युमेंटरी स्पर्धेसाठी फोटो असेल तर यातलं काहीच करू नका, फ्लेक्स राहू दे. घरच्या भिंतीवर लावायचा असेल तर करा, आणि कुठल्या मामेभावाला विचारू नका.