सोळा स्किल्स आणि तीन ओळी

*मॅडम, मुलगी बीएएफ झाली, सीजीपीए ७.९. मशीद बंदरला एका सीएंच्या ऑफिसात १० महिने इंटर्नशिप केली. आतापर्यंत ९ इंटरव्ह्यू झाले, एकही जमला नाही. रेझ्युमे मी स्वतः रात्र जागून बनवलाय, सोबत जोडतो. १६ स्किल्स टाकली आहेत, कारण हल्ली कॉम्प्युटरच रेझ्युमे गाळतो म्हणतात. पण समोर बसलं की हिची दातखीळ बसते, कॉन्फिडन्सच नाही. माझ्या साडूंचा मुलगा लागलासुद्धा. पॉवर बीआयचा ४५,००० रुपयांचा कोर्स लावू की पायथनचा?*
*– एक वडील, भांडुप*

कोणताही लावू नका. साडूंच्या मुलाला तर या पत्रातून आधी बाहेर काढा.

मला काळजी वाटली ती "मी स्वतः बनवलाय" या शब्दांची. रेझ्युमे उघडला तेव्हा तिच्या दातखिळीचं कारणही कळलं. सोळा स्किल्स, आणि खाली १० महिन्यांच्या कामाबद्दल फक्त तीन ओळी: जीएसटीच्या कामात मदत केली, टॅलीत एंट्री केल्या, सीनिअर सांगतील ती कामं केली. मी पेन्सिल घेतली आणि एकेका स्किलपुढे विचारत गेले, हे खालच्या कुठल्या ओळीत दिसतं? टॅली आणि जीएसटी, दोनच सापडली. "अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल", "पायथन", "डेटा अ‍ॅनालिटिक्स", "लीडरशिप" वगैरे चौदांना खाली थारा नव्हता.

इंटरव्ह्यू घेणाराही हेच करतो आणि नेमका थारा नसलेल्या शब्दावर बोट ठेवतो. "पायथनमध्ये काय केलंस?" मुलगी गप्प बसते. तिला कॉन्फिडन्स नाही असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तिला खोटं बोलता येत नाही. तुम्ही लिहिलेल्या शब्दांची वकिली तिच्यावर आली आहे.

आता कॉम्प्युटर गाळतो या समजाबद्दल. कंपन्यांकडे अर्ज साठवण्याचं सॉफ्टवेअर असतं हे खरं. ते रेझ्युमेतला मजकूर वाचून रकान्यांत बसवतं आणि एचआरवाले त्यात शब्द टाकून शोधतात. पण शोध साधारणपणे अख्ख्या मजकुरात होतो, एकट्या स्किल्सच्या चौकटीत नाही. "एक्सेल" हा शब्द कामाच्या ओळीत असला तरी सापडतो, आणि तिथे तो पुराव्यासकट सापडतो. शिवाय शोधात वर आलेला रेझ्युमे शेवटी माणूसच उघडतो. चौदा रिकामे शब्द फार तर तुमच्या मुलीला त्या माणसासमोर नेऊन बसवतील, आणि तिथंच तर नऊदा अडलं.

मात्र पुरावा कागदावर नाही म्हणजे कौशल्यच नाही, असं धरून सगळं खोडू नका. काही वेळा काम झालेलंच नसतं. काही वेळा काम झालेलं असतं, पण ते लिहायचं असतं हे सुचलेलं नसतं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. फरक फक्त काम करणाऱ्यालाच सांगता येतो, रात्र जागणाऱ्या वडिलांना नाही. म्हणून रेझ्युमेवरच्या नंबरवर मी तिलाच फोन केला. तुम्हाला विचारलं नाही, ती सज्ञान आहे.

"जीएसटीच्या कामात मदत" म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर पाच मिनिटं अडखळली, मग बोलत सुटली. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर GSTR-2B येतो. पुरवठादारांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांचा हा तक्ता. तो ती उतरवून घ्यायची आणि टॅलीतल्या खरेदीच्या नोंदींशी एक्सेलमध्ये जुळवायची. २०२२ पासून, जे बिल या तक्त्यात नाही त्याचं टॅक्स क्रेडिट व्यापाऱ्याला त्या महिन्यात घेता येत नाही, आणि GSTR-3B हे महिन्याचं रिटर्न भरायची तारीख २०. म्हणजे हातात पाच-सहा दिवस. सुरुवातीला तिचा VLOOKUP, म्हणजे एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारा एक्सेलचा फॉर्म्युला, निम्मी बिलं सापडत नाहीत म्हणायचा. बिल नंबर एकीकडे आकडा, दुसरीकडे मजकूर. कुठे मागे रिकामी जागा. मग तिने दोन्ही याद्यांत जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून एक किल्ली केली:

```
=TRIM(A2)&"|"&TRIM(B2)
```

तरीही काही उरायची. पुरवठादार "457" लिहितो, आपल्याकडे "24-25/457" असतं. तिथे हे सूत्र हात टेकतं. अशी बिलं ती रक्कम आणि तारीख बघून हाताने जुळवायची. शेवटी जी खरोखरच तक्त्यात नसायची, त्यांची वेगळी यादी करून पुरवठादारांना फोन लावायची. "हिंदीत, आणि सुरतवाल्यांशी मोडक्या गुजरातीत," म्हणाली. काही जण बिल दाखवायलाच विसरलेले, काहींनी जीएसटी नंबर चुकीचा टाकलेला. मग पुढच्या महिन्यात ते बिल आलं का, हे पुन्हा बघायचं.

आणि हे रेझ्युमेत "मदत केली" होतं!

मग आकडा. किती बिलं, हे तिला सांगता येईना. सहा व्यापारी, एकेकाची महिन्याला शंभर-सव्वाशे बिलं, म्हणजे ६५० च्या आसपास. एवढं पुरतं, कारण हा आकडा कुठून आला हे विचारलं तर तिला सांगता येतं. ओळ इंग्रजीतच जाईल, पण आशय असा: "दरमहा ६ क्लायंटची सुमारे ६५० खरेदी बिलं GSTR-2B शी एक्सेलमध्ये जुळवली, न जुळलेल्या बिलांची कारणवार यादी करून पुरवठादारांकडे पाठपुरावा केला." व्यापाऱ्यांची नावं टाकायची नाहीत. ती ऑफिसची माहिती आहे, आणि ती उघड करणारी मुलगी अकाउंट्समध्ये कोणी घेणार नाही.

आता पुन्हा वर पाहा. एक्सेलला थारा मिळाला, पण "अ‍ॅडव्हान्स्ड" हा शब्द गेला; त्याऐवजी कंसात VLOOKUP, TRIM लिहा. पिव्होट टेबल तिने केलेलं नाही, म्हणजे ते नको. पायथन? कॉलेजात दोन दिवसांचं वर्कशॉप, चांदण्यांचा त्रिकोण छापला होता. खोडा. लीडरशिपही खोडा, गणपती मंडळाच्या पावत्या फाडणं म्हणजे लीडरशिप नव्हे, असं तीच म्हणाली. इंटर्नशिपच्या बाहेरचं काही असेल तर चालतं, स्वतः केलेला प्रोजेक्टसुद्धा पुरावाच आहे, पण तो उघडून दाखवता आला पाहिजे. भाषांना ओळ लागत नाही, त्या बोलताना कळतात.

गंमत म्हणजे तुमच्या सोळांमध्ये "जीएसटी रिकन्सिलिएशन" नव्हतंच. पुरवठादारांकडे पाठपुरावाही नव्हता. अकाउंट्सच्या जागेसाठी हीच दोन सगळ्यात कामाची, आणि तीच गायब. वरून खाली तपासताना मी चौदा शब्द खोडायला निघाले होते, खालून वर तपासल्यावर हे दोन हाती लागले.

सीए, सीएमए किंवा एमबीए सीईटीचा विचार तिला करायचा असेल तर करू दे, नोकरी लागल्यावरही तो करता येतो. पॉवर बीआयचं म्हणाल, तर नोकरीच्या ठिकाणी ते वापरत असतील तेव्हा शिकेल. आज ४५,००० भरून तुम्ही रेझ्युमेत सतरावा बिनपुराव्याचा शब्द विकत घ्याल.

नवा रेझ्युमे ती लिहिणार आहे, रविवारपर्यंत. तो मी तिच्या ईमेलवरून मागवलाय. तुम्ही आधी वाचायला मागू नका.