सीबीएसई घेतलं तर राज्याचा कोटा जातो का? बोर्ड निवडताना पालकांना पडणारे प्रश्न

मुलगी नाशिकला सीबीएसईच्या शाळेत नववीत आहे. तिला डॉक्टर व्हायचंय. सगळे म्हणतात, स्टेट बोर्डात घाला, नाहीतर मेडिकलला महाराष्ट्राचा कोटा मिळणार नाही. दहावीनंतर राजस्थानात कोटाला पाठवायचा विचार आहे. काय करू?

सीबीएसईमुळे तुमचं काही बिघडत नाही. बिघडेल ते कोटाला पाठवल्याने, आणि तेही अभ्यासामुळे नाही.

सरकारी मेडिकल कॉलेजातल्या १०० जागांपैकी १५ अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि ८५ राज्याच्या. या ८५ साठी महाराष्ट्राची अट साधारण अशी आहे: मूल महाराष्ट्राचं अधिवासी असावं आणि दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण झालेलं असावं. यात बोर्डाचं नाव येत नाही. नाशिकची सीबीएसई शाळा असो की पुण्याची आयसीएसई, ती शाळा महाराष्ट्रात आहे एवढंच पाहिलं जातं. ‘स्टेट कोटा’ आणि ‘स्टेट बोर्ड’ या दोन शब्दांतल्या ‘स्टेट’ने पालकांचा जेवढा गोंधळ उडवलाय, तेवढा कुठल्या नियमाने उडवला नसेल.

आता तुमची योजना पुढे नेऊन बघा. मुलगी दहावी नाशिकला करेल, मग कोटाला क्लास लावेल आणि बारावीचा फॉर्म तिथल्याच एखाद्या शाळेतून भरेल. गुणपत्रिकेवर शाळा राजस्थानची येईल. नीटचा निकाल लागून महाराष्ट्राची प्रवेशप्रक्रिया सुरू झाली की बारावी राज्याबाहेरची म्हणून ती ८५ टक्क्यांच्या यादीत बसणार नाही. राजस्थानचा अधिवास तिच्याकडे नाही, म्हणून तिथल्याही यादीत नाही. सरकारी कॉलेजांमध्ये हातात उरतात त्या १५ टक्क्यांतल्या जागा, जिथे देशभरातली मुलं असतात. अभिमत विद्यापीठांचा पर्याय असतो, पण त्यांची फी सरकारी कॉलेजच्या कितीतरी पट. बदलीवर असलेल्या काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना या अटीतून सवलत आहे. तुमच्यापैकी कोणी तशा नोकरीत असेल, तर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं प्रकरण ओळ न् ओळ वाचा.

क्लास तिकडे आणि बारावीचा प्रवेश इकडच्या कॉलेजात, असा मधला मार्ग अनेक जण काढतात. त्यात धोका हजेरीचा आहे. सीबीएसई ७५ टक्के हजेरी मागते आणि नावापुरते प्रवेश देणाऱ्या शाळांवर कारवाईही करते. ऐन बारावीत शाळेची संलग्नता गेली तर तुमच्याकडे दुसरा मार्ग उरत नाही. महाराष्ट्रातच क्लास आणि कॉलेज दोन्ही करणं हा या प्रश्नावरचा साधा उपाय.

इंजिनिअरिंगचं थोडं वेगळं आहे. एमएचटी-सीईटीच्या प्रवेशात बारावी राज्याबाहेरून केलेल्या मुलालाही आई किंवा वडिलांच्या अधिवासावर राज्याच्या जागांसाठी वाट राहते. एनआयटीत मात्र निम्म्या जागा गृहराज्याच्या असतात आणि गृहराज्य ठरतं ते बारावी कुठून उत्तीर्ण झालात त्यावरून. पिढ्यानपिढ्या विदर्भात राहणाऱ्या घरातला मुलगा बारावी हैदराबादला करतो, तेव्हा नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी तो परराज्यातला ठरतो.

मुलगा पहिलीत जाणार आहे. नीट आणि जेईई एनसीईआरटीच्या पुस्तकांवर असतात, म्हणून आत्तापासून सीबीएसईच घ्यावी का?

या कारणासाठी नको. नीट आणि जेईईत अकरावी-बारावीचा अभ्यास विचारतात. पहिली ते आठवी कोणत्या बोर्डात गेली, याचा त्या परीक्षांशी संबंध फार दूरचा आहे. बोर्डाचा प्रश्न खरा उभा राहतो तो अकरावीत.

तिथे फरक आहे, पण पालकांना वाटतो तेवढा नाही. बालभारतीच्या अकरावी-बारावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतले विषय बहुतांश तेच आहेत, प्रकरणांचा क्रम आणि मांडणी वेगळी आहे. भौतिकशास्त्रात आणि गणितात याचा फारसा त्रास होत नाही, कारण संकल्पना पक्की असली की गणित सुटतं, पुस्तक कोणतंही असो. त्रास होतो जीवशास्त्रात. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे आहेत आणि त्यातले बरेच प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यावरून किंवा आकृतीवरून थेट उचललेले असतात. बालभारतीत तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत, वेगळ्या उदाहरणाने असते. मुलाला विषय येत असतो, पण पर्यायांतली नेमकी शब्दरचना ओळखीची वाटत नाही. चूक उत्तराला एक गुण वजा होतो, त्यामुळे हे अंगाशी येतं. म्हणून राज्य मंडळात असलेल्या आणि नीट देणाऱ्या मुलाने जीवशास्त्र अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून एनसीईआरटीतूनच वाचावं आणि बोर्डाच्या परीक्षेआधी दोन-तीन महिने बालभारतीकडे यावं. उलट क्रमाने केलं तर वेळ कमी पडतो.

एमएचटी-सीईटीत पारडं दुसरीकडे झुकतं. ती राज्याच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते, साधारण २० टक्के अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर, आणि चुकीला गुण कापत नाहीत. महाराष्ट्रातच इंजिनिअरिंग किंवा फार्मसी करायची असेल, तर राज्य मंडळाचं मूल इथे घरच्या मैदानावर असतं.

शिवाय राज्याने २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम आणायला सुरुवात केली आहे आणि त्याची मांडणी राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या जवळ जाणारी आहे. तुमचा मुलगा अकरावीत पोहोचेल तेव्हा आजची तुलना बरीच शिळी झालेली असेल. आज शाळा निवडताना घरापासूनचं अंतर, वर्गातली मुलं किती आणि शिक्षक दर वर्षी बदलतात का, हे पाहा. बदलीची नोकरी असेल तर मात्र सीबीएसईला तोड नाही, कारण दुसऱ्या राज्यात गेल्यावरही पुस्तकं तीच राहतात.

मुलगी आयबीच्या शाळेत दहावीच्या वर्गात आहे. अकरावी-बारावीही तिथेच करून एमबीबीएसला जाता येईल ना? शाळा म्हणते, हो.

जाता येतं, पण विषय निवडताना एक अडचण येते आणि ती शाळेने आपणहून सांगितली नसेल तर तुम्ही विचारा.

आयबी डिप्लोमात सहा विषय घ्यावे लागतात: दोन भाषा, एक समाजशास्त्रीय गटातला, एक विज्ञान, एक गणित आणि एक कला. कलेच्या जागी दुसरं विज्ञान घेता येतं. म्हणजे नेहमीच्या चौकटीत विज्ञानाचे विषय बसतात दोन. जेईईला भौतिक, रसायन आणि गणित लागतं, ते यात आरामात बसतं. नीटला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र अशी तीन विज्ञानं लागतात आणि तिसऱ्याला जागा राहत नाही. यासाठी आयबीत अपवादाची तरतूद आहे. ज्या विद्यापीठाच्या प्रवेशाला तीन विज्ञानं लागतात तिथे जायचं असेल, तर समाजशास्त्रीय विषय सोडून तिसरं विज्ञान घेण्याची परवानगी शाळेमार्फत मागता येते. ती अकरावी सुरू होण्याआधी मागायची असते. बारावीत लक्षात आलं तर उशीर झालेला असतो.

दुसरी अडचण वेळेची. आयबीची लेखी परीक्षा एप्रिलच्या शेवटापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते आणि अलीकडची काही वर्षं नीट मेच्या पहिल्या रविवारी होत आली आहे. एकीकडे सविस्तर उत्तरं, प्रयोगाचे अहवाल आणि ४,००० शब्दांचा निबंध अशी दोन वर्षं गेलेली असतात. दुसरीकडे १८० मिनिटांत १८० बहुपर्यायी प्रश्न. दोन्ही सवयी एकाच मुलात एकाच आठवड्यात तयार असणं अवघड आहे.

आमचं मत स्पष्ट आहे. भारतातच एमबीबीएस हे नक्की असेल, तर दहावीपर्यंत आयबीत शिकलेलं वाया जात नाही, पण अकरावीला सीबीएसईत किंवा राज्य मंडळात यावं. परदेशी पदवी किंवा भारतातली खासगी विद्यापीठं डोळ्यासमोर असतील, तर आयबी मध्येच सोडायचं कारण नाही.

मुलगा केंब्रिज आयजीसीएसई करतोय. दहावीनंतर अकरावीला मुंबईतल्या ज्युनिअर कॉलेजात घालायचंय. काही अडेल का?

दोन गोष्टी आत्ताच पाहा. पहिली, परीक्षेचं सत्र. मे-जूनच्या सत्राचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो, आणि तोवर अकरावीच्या केंद्रीय प्रवेशाच्या मुख्य फेऱ्या बहुधा उरकलेल्या असतात. भारतातल्या शाळांसाठी केंब्रिजचं मार्चचं सत्र आहे, त्याचा निकाल मेमध्ये येतो. शाळा सगळे विषय मार्चमध्ये देते का, की एखादा जूनसाठी ठेवते, हे लेखी विचारा. एक विषय जरी मागे राहिला तरी निकाल अपुरा.

दुसरी गोष्ट गणिताची पातळी. आयजीसीएसईत ‘कोअर’ आणि ‘एक्स्टेंडेड’ अशा दोन पातळ्या असतात आणि कोअरमध्ये पेपर कितीही चांगला गेला तरी सी श्रेणीच्या वर जाता येत नाही. अकरावीचा प्रवेश टक्केवारीवर असल्याने तिथेच मूल मागे पडतं. शिवाय कोअरवाल्याला अकरावी सायन्सचं गणित पहिल्या महिन्यातच जड जातं. निकालासोबत टक्केवारीचं पत्रक मिळतं, तेही शाळेकडून मागून ठेवा, कारण प्रवेशाच्या अर्जात नुसत्या श्रेणीने भागत नाही.

शाळेच्या बोर्डावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलंय. हे सीबीएसईच समजायचं का?

नाही. ‘पॅटर्न’चा अर्थ पुस्तकं त्या पद्धतीची, इतकाच. शाळेचा संलग्नता क्रमांक मागा आणि saras.cbse.gov.in वर तो घालून पाहा. नाव, पत्ता आणि संलग्नता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे हे तिथे दिसतं. शाळा म्हणेल, ‘अर्ज केलाय, येईल लवकरच.’ मूल पाचवीत असेल तर थांबून बघता येईल. आठवीत असेल तर थांबू नका, कारण सीबीएसई दहावीच्या परीक्षेसाठी नाव नववीतच नोंदवते आणि थेट दहावीत प्रवेश बदलीसारखं सबळ कारण असल्याशिवाय देत नाही. संलग्नता आली नाही, तर नववीच्या मधोमध राज्य मंडळाची शाळा शोधत फिरावं लागतं.