फोटोतल्या पेपरवरच्या खुणा वगळून मूळ पर्याय कसे वाचावेत?

प्रश्न: भरतीच्या जुन्या पेपरचे फोटो मिळालेत, पण आधीच्या मुलाने सगळीकडे टिकमार्क, फुल्या आणि खाडाखोड करून ठेवली आहे. मूळ पर्याय नीट कसे वाचू? लक्ष सारखं त्याच्या खुणांकडेच जातं.

उत्तर:

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मी टायपिंगचं काम करते. इथल्या अकॅडम्या सरावासाठी जुने पेपर नव्याने टाइप करून घेतात. माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा कुणीतरी सोडवलेल्या पुस्तिकेचे मोबाईलवर काढलेले फोटो असतात. त्यामुळे तुमची अडचण माझ्या रोजच्या कामातली आहे.

खुणांमुळे लक्ष विचलित होतं हे खरं, पण त्याहून मोठा धोका वेगळा आहे. पेनाची रेघ छापील अक्षराला चिकटते आणि अक्षरच बदलून टाकते. इंग्रजी पेपरात हे कमी घडतं. आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर रफार, अनुस्वार, मात्रा आणि वेलांटी असते, आणि टिकमार्कचं लांब टोक नेमकं तिथेच जाऊन बसतं.

मी स्वतः चुकले तो प्रश्न सांगते. ‘शुद्ध शब्द ओळखा’ असा प्रश्न होता. मी टाइप केलेले पर्याय असे होते: (१) आशिर्वाद (२) आशीर्वाद (३) आशिर्वाद (४) आर्शीवाद. सर्व पर्याय पुन्हा वाचताना पहिला आणि तिसरा सारखेच निघाले. चार पर्यायांत दोन अगदी सारखे दिसले, तर आधी आपल्या वाचनावर शंका घ्यायची. फोटो मोठा करून पाहिला. तिसऱ्या पर्यायावर त्या मुलाने आधी टिकमार्क केला होता आणि मग त्यावर फुली मारली होती. त्या शब्दावर दोन रफार दिसत होते, एक ‘शि’वर आणि एक ‘वा’वर. घाईत मी ‘वा’वरचा खरा धरला होता.

मग त्याच पानावरच्या दुसऱ्या शब्दातला, ‘सर्व’मधला छापील रफार शोधला आणि दोन्ही खुणा त्याच्याशी ताडून पाहिल्या. छापील रफार शिरोरेघेवर टेकतो आणि तिथेच संपतो. त्याचा बाक आणि जाडी पानभर सारखीच असते. ‘वा’वरची रेघ मात्र शिरोरेघ ओलांडून खाली ‘वा’च्या पोटात उतरली होती, आणि तिची जाडी एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी होती. म्हणजे ती पेनाची. खरा रफार ‘शि’वरचा, आणि मूळ पर्याय ‘आर्शिवाद’. उत्तर (२) तेच राहिलं, पण सराव करणाऱ्या मुलाला दोन सारखे पर्याय दिसले असते, आणि पेपरच चुकीचा आहे असं त्याला वाटलं असतं.

अनुस्वाराचंही असंच होतं. विचार करताना मुलं पेनाचं टोक कागदावर टेकवतात आणि ठिपका उमटतो. ‘घरात’ हे सप्तमीचं एकवचन, ‘घरांत’ हे अनेकवचन. वचनाचाच प्रश्न असेल आणि पर्यायात हे दोन्ही शब्द असतील, तर एका ठिपक्याने उत्तर बदलतं. छापील अनुस्वार शिरोरेघेपासून ठरावीक उंचीवर असतो. पेनाचा ठिपका थोडा सरकलेला असतो किंवा त्याला छोटी शेपटी असते. अंकगणितात दशांश चिन्हाची तपासणीही अशीच करते. १२.५ आणि १२५ यांत शंका आली, तर आधी ठिपक्याची जागा शेजारच्या पर्यायांतल्या ठिपक्यांशी जुळते का ते पाहते. गणित सोडवते ते त्यानंतर.

हा क्रम मी पाळतेच. आधी उदाहरण सोडवलं, तर डोळा उत्तराला साजेसा आकडा वाचतो. शिवाय छापील पेपरातही चुका असतात, त्यामुळे काही प्रश्न नंतर रद्द होतात. तुम्ही मनानेच पर्याय दुरुस्त केलात, तर तो मूळ पर्याय राहत नाही.

लक्ष खुणेकडे जातं त्यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे पर्याय चारपासून एकपर्यंत उलटे वाचणे. डोळा आपोआप गोल केलेल्या पर्यायाकडे धावतो, उलट क्रमाने वाचलं की प्रत्येक पर्यायावर थांबावं लागतं. चारही उतरवून होईपर्यंत खुणेचा अर्थ लावायचाच नाही.

कारण अर्थ लावायला गेलं की फसगत होते. समजा प्रश्न आहे, ‘खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?’ (अ) महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. (ब) कोयना धरण सातारा जिल्ह्यात आहे. (क) कोयना आणि कृष्णा यांचा संगम सांगलीत होतो. सोडवणाऱ्याने अ आणि ब पुढे टिकमार्क केला आणि ‘क’पुढे फुली मारली. इथे फुलीवालं विधानच उत्तर आहे, कारण तो संगम कराडला होतो. फुली म्हणजे बाद केलेला पर्याय असं धरलं असतं, तर बरोबर उत्तरच हातचं गेलं असतं. अशा प्रश्नात ‘नाही’ या शब्दाखाली मुलं रेघ ओढतात. हात हलला तर ती रेघ अक्षरांतून जाते आणि शब्द खोडल्यासारखा दिसतो. परीक्षार्थी प्रश्नातला शब्द सहसा खोडत नाहीत. तो ‘नाही’ प्रश्नात आहे असंच धरा.

खुणा निळ्या पेनाच्या असतील तर एक चांगला उपाय आहे. फोटोतला फक्त निळा भाग वेगळा काढला, की निळी शाई फिकी पडते आणि काळी छपाई गडदच राहते. संगणकावर इमेजमॅजिक असेल, तर ही एक ओळ पुरते:

```
magick paper.jpg -channel B -separate nila.png
```

लाल पेन असेल तर `B` च्या जागी `R` लिहा. गडद निळी शाई पूर्ण जात नाही, पण मागचं अक्षर ओळखण्याइतकी नक्की हलकी होते. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला तर तो आकुंचित होतो आणि शाईचा रंग अक्षराच्या कडांत मिसळतो.

काळ्या पेनापुढे मात्र हा उपाय चालत नाही, आणि उत्तरपत्रिकेसाठी काळं पेन नेलेलं असेल, तर पुस्तिकेवरही तेच चालतं. तेव्हा त्याच परीक्षेच्या दुसऱ्या मुलाच्या पुस्तिकेचा फोटो मिळवा. दोघांच्या खुणा सहसा एकाच अक्षरावर पडत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे दिसतं ते छापील. दुसऱ्याचा संच वेगळा असेल तर प्रश्नांचा क्रमही वेगळा असू शकतो, म्हणून प्रश्न क्रमांकावरून नव्हे, प्रश्नाच्या शब्दांवरून शोधा. पहिल्या पानावरच्या संचाच्या अक्षराचा फोटोही हवाच. उत्तरतालिकेत बहुधा पर्यायाचा फक्त क्रमांक असतो, आणि चुकीच्या संचाची तालिका लावली की सगळी उत्तरं सरकतात. याच कारणासाठी उतरवताना पर्यायांचा क्रम बदलू नका.

एवढं करूनही एखादं अक्षर लागलं नाही, तर मी तिथे कंसात ‘अस्पष्ट’ लिहिते आणि अकॅडमीच्या सरांना फोन करते. मागच्याच महिन्यात अशा एका जागेसाठी त्यांनी कोरेगावच्या एका मुलाकडून पुस्तिका मागवून घेतली, आणि मला जे ‘८’ वाटत होतं ते ‘६’ निघालं.