इंग्लंडमध्ये घरून डबे सुरू करायचेत? आधी भात आणि फ्रिजचं गणित बघा

"नवऱ्याला इंग्लंडचा स्किल्ड वर्कर व्हिसा मिळालाय, मी डिपेंडंट म्हणून जातेय. तिथे आपल्या लोकांना घरून डबे करून द्यायचा विचार आहे. परवानगी मिळते का? फूड सेफ्टीचे नियम काय असतात? सुरुवात कुठून करू?"

हो, चालतं. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला स्वतःचा धंदा करता येतो, फक्त रजिस्ट्रेशन, बँक खातं, हिशोब सगळं तुमच्या नावावर ठेवा, मिस्टरांच्या नाही, कारण त्यांचा व्हिसा त्यांच्या नोकरीला बांधलेला असतो. (स्टुडंट व्हिसावाल्यांना हे चालत नाही, तिथे स्वतःचा धंदा करायला बंदीच आहे, तरी काही जण ग्रुपवर गुपचूप डबे विकतात, त्यांचं बघून काही ठरवू नका.)

लायसन्स असं काही घ्यावं लागत नाही. तुम्ही ज्या भागात राहाल तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या पालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे, फूड बिझनेस म्हणून नोंदणी करायची, धंदा सुरू करायच्या किमान 28 दिवस आधी, ऑनलाइन, फुकट. नोंदणी नाकारत नाहीत, पण न करता विकणं गुन्हा आहे. भाड्याच्या घरात राहणार असाल तर घर घ्यायच्या आधीच एजंटला विचारा आणि परवानगी लेखी घ्या, ईमेल असला तरी पुरे, बऱ्याच करारात घरून धंदा करायचा नाही असं कलम असतं आणि ते नंतर कळलं की सगळंच अडतं.

आता मुख्य मुद्दा. लोक विचारतात मेन्यू काय ठेवू, किती ग्राहक मिळतील, पण किती डबे करता येतील हे खरं म्हणजे तुमचा फ्रिज ठरवतो. तिथला कायदा साधा आहे, गरम द्यायचं अन्न 63 अंश किंवा त्याच्या वर, थंड ठेवायचं अन्न 8 अंश किंवा त्याच्या खाली, मधला पट्टा धोक्याचा. गरम अन्नाला 63 च्या खाली एकदाच दोन तासांची सूट मिळते. नियम इतकाच, पण घरच्या ओट्यावर तो पाळायला गेलं की खरी गंमत कळते.

समजा शनिवारी दुपारी 20 डबे द्यायचेत. डाळ माणशी पाव लिटर धरली तर पाच लिटर, शिजलेला भात माणशी दोनशे ग्रॅम म्हणजे चार किलो. सगळ्यांना पहिली आयडिया हीच सुचते की शुक्रवारी रात्रीच सगळं करून ठेवू. पाच लिटर घट्ट डाळ खोल पातेल्यात तशीच ठेवली तर वरून कोमट लागते आणि मध्ये तासन् तास गरम राहते, आणि ते पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर डाळ तर गार होत नाहीच, उलट शेजारचं दूध, दही, चिरलेल्या भाज्या सगळं 8 च्या वर जातं. घरचा फ्रिज थंड वस्तू थंड ठेवायला असतो, गरम वस्तू गार करायला नाही. म्हणून डाळ आदल्या रात्री करायचीच असेल तर पसरट ट्रेमध्ये दोन बोटं खोल पसरा, किंवा सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरून त्यात पातेलं ठेवून ढवळत राहा, दोन तासांच्या आत गार करून मग फ्रिजमध्ये. सकाळी पूर्ण उकळी आणा, फोडणी तेव्हाच द्या, चवीलाही ती ताजीच बरी लागते.

भात मात्र आदल्या दिवशी करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते भात शिजवताना मरत नाहीत, भात कोमट पडून राहिला की वाढतात आणि विष तयार करतात. आणि ते विष परत गरम करूनही जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, त्यामुळे खाऊन बघून काही कळत नाही, कळतं ते ग्राहकाला उलट्या सुरू झाल्यावर. तिथला सरकारी सल्ला असा की भात शक्यतो तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि 24 तासांत संपवा. चार किलो भात तासाभरात गार करायला घरात तेवढे ट्रे पसरायला जागा तरी असते का? त्यापेक्षा शनिवारी सकाळी दोन खेपांत शिजवा, वाफाळता डब्यात भरा, इन्सुलेटेड बॅगेत घालून निघा आणि दोन तासांत सगळे डबे पोचतील एवढाच एरिया ठेवा.

यासाठी प्रोब थर्मामीटर लागतो, महाग नसतो. तो बरोबर दाखवतोय का हे बघायचं तर बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर उणे 1 ते 1 आणि उकळत्या पाण्यात 99 ते 101 यायला हवं. मोजायचं ते डाळीच्या मधोमध, कडेला नाही, परत गरम केल्यावर 75 तरी हवंच (स्कॉटलंडला जाणार असाल तर तिथे 82 मागतात).

नोंदणीनंतर कौन्सिलचा माणूस किचन बघायला येतो आणि 0 ते 5 मध्ये रेटिंग देतो. स्वच्छ किचन असून रेटिंग कमी येतं ते बहुतेक कागदांमुळे. फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या साइटवर 'सेफर फूड बेटर बिझनेस' नावाचं पॅक फुकट मिळतं, त्यात डायरी असते, ती ज्या दिवशी धंदा चालू असेल त्या दिवशी भरायची. आणि तिथे वॉशिंग मशीन बऱ्याच घरात किचनमध्येच असतं, तर स्वयंपाक चालू असताना मळके कपडे तिथे नकोत. फूड हायजीनचा लेव्हल टूचा ऑनलाइन कोर्स कायद्याने सक्तीचा नाही, पण करून टाका, ट्रेनिंग काय घेतलं हे विचारतात.

राहिलं अॅलर्जीचं, आणि इथे आपला स्वयंपाक जास्त अडकतो. 14 गोष्टींची यादी आहे, त्यात शेंगदाणे, तीळ, दूध, गहू आणि मोहरीसुद्धा येते. म्हणजे फोडणी घातली की मोहरी सांगायलाच हवी! त्याहून फसवं म्हणजे हिंग, बाजारच्या बऱ्याच डबीबंद हिंगात गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे साधी डाळसुद्धा ग्लूटेन फ्री राहत नाही, पाकीट उलटून वाचा. फोनवर किंवा मेसेजवर ऑर्डर घेत असाल तर ही माहिती ऑर्डर पक्की व्हायच्या आधी एकदा आणि डबा हातात देताना परत, असं दोनदा द्यावी लागते, मेन्यूच्या मेसेजमध्येच लिहा आणि झाकणावर स्टिकर लावा. पण घरी पॅक करून एखाद्या कार्यक्रमात स्टॉलवर मांडून विकणार असाल तर ऑक्टोबर 2021 पासून पदार्थाचं नाव आणि पूर्ण घटकांची यादी लेबलवर छापावी लागते, त्यात अॅलर्जीचे घटक ठळक अक्षरात. मी म्हणेन पहिले काही महिने स्टॉलच्या भानगडीत पडूच नका, ठरलेले चार मेन्यू आलटून पालटून करा, म्हणजे स्टिकरही चारच लागतात.

टॅक्सचं थोडक्यात, 6 एप्रिल ते 5 एप्रिल या वर्षात विक्री 1,000 पौंडांच्या वर गेली (नफा नाही हं, एकूण विक्री) तर पुढच्या 5 ऑक्टोबरच्या आत सेल्फ एम्प्लॉइड म्हणून नोंदवा. किराण्याच्या पावत्या पहिल्या दिवसापासून ठेवा, इन्स्पेक्टरलाही माल कुठून घेता ते त्याच दाखवायला लागतात.